सूट कोणत्या रकमेवर धरायची? मुदतीच्या देण्याची आजची किंमत

प्रश्न: ३ वर्षांनी १२,४०० रुपये द्यायचे आहेत, दर द.सा.द.शे. ८, सरळव्याज. आजच फेडायचे तर किती द्यावे लागतील? मी १२,४०० चे २४ टक्के म्हणजे २,९७६ वजा केले, ९,४२४ आले. पुस्तकात उत्तर १०,००० आहे. ३ वर्षांचं व्याज २४ टक्केच होतं ना? मग माझं चुकलं कुठे?

उत्तर:

तुमचे २४ टक्के बरोबर आहेत, गुणाकार आणि वजाबाकीही बरोबर आहे. चूक एकाच जागी आहे. ते २४ टक्के तुम्ही १२,४०० वर धरलेत. व्याज मुद्दलावर चालतं, आणि १२,४०० हे मुद्दल नाही. ती रास आहे, म्हणजे मुद्दल आणि तीन वर्षांचं व्याज मिळून झालेली रक्कम. व्याज आधीच पोटात असलेल्या रकमेवर तुम्ही पुन्हा व्याज आकारलंत, म्हणून वजा करायची रक्कम फुगली.

आता शब्द आधी पक्के करून घेऊ, कारण या धड्यात निम्मा घोळ शब्दांचाच असतो. १२,४०० ही मुदतीची रक्कम. ती आजच फेडायची तर जेवढे रुपये पुरतील, ती तिची आजची किंमत. काही पुस्तकांत तिला वर्तमान मूल्य म्हणतात. या दोहोंतला फरक म्हणजे खरी सूट. जुन्या अंकगणितात यालाच मितीकाटा म्हणायचे. मिती म्हणजे तारीख, आणि तारखेच्या आधी पैसे दिल्याबद्दल जी काट मिळते ती. मला तो जुना शब्द आवडतो, कारण सूट कशाबद्दल आहे ते तो स्वतःच सांगतो.

आजची किंमत ओळखायची कसोटी एकच. ती रक्कम आज त्याच दराने, तेवढ्याच मुदतीसाठी व्याजाने लावली, तर मुदतीला बरोबर मुदतीची रक्कम हातात यायला हवी. घेणेकऱ्याला आज पैसे मिळाले काय आणि तीन वर्षांनी मिळाले काय, त्याचं नुकसान होता कामा नये आणि फायदाही होता कामा नये. म्हणून तिला आजची किंमत म्हणायचं.

ही कसोटी तुमच्या उत्तराला लावून बघा. ९,४२४ रुपये द.सा.द.शे. ८ ने तीन वर्षं ठेवले. व्याज ९,४२४ च्या २४ टक्के, म्हणजे २,२६१.७६. रास झाली ११,६८५.७६. घेणेकऱ्याला १२,४०० मिळायचे होते, त्याला ७१४.२४ कमी पडले. आता पुस्तकातलं उत्तर घ्या: १०,००० वर २,४०० व्याज, रास १२,४००. पैसान् पैसा जुळला.

हा ताळा मी मुलांना सूत्राच्या आधी शिकवतो. सूत्र विसरलं तरी चालतं, पण आलेलं उत्तर पुढे नेऊन बघायची सवय मोडता कामा नये. तिला अर्धं मिनिट लागतं आणि या धड्यातली जवळजवळ प्रत्येक चूक तिच्यात पकडली जाते.

१०,००० आणायचे कसे, ते त्रैराशिकाने सर्वांत स्वच्छ दिसतं. आजचे १०० रुपये द.सा.द.शे. ८ ने तीन वर्षांत १२४ होतात. हेच वाक्य उलटं वाचा: तीन वर्षांनंतरच्या १२४ रुपयांची आजची किंमत १००, आणि त्यांवरची खरी सूट २४. आता १२,४०० मध्ये १२४ चे असे किती भाग आहेत? शंभर. म्हणून आजची किंमत १०० गुणिले १०० म्हणजे १०,०००, आणि सूट २४ गुणिले १०० म्हणजे २,४००.

तुमच्या डोक्यात जे बसलं होतं ते असं: १०० मागे २४ सूट. खरं नातं असं: १२४ मागे २४ सूट. सगळा फरक या दोन ओळींत आहे. २४ हा आकडा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे डोळ्यांना तो बरोबर वाटतो आणि आपण पुढे जातो.

यातून सूत्र आपोआप मिळतं:

आजची किंमत = मुदतीची रक्कम × १०० ÷ (१०० + दर × वर्षे)

खरी सूट = मुदतीची रक्कम × दर × वर्षे ÷ (१०० + दर × वर्षे)

दुसऱ्या सूत्राचा छेद नीट बघा. तुम्ही जो हिशोब केला त्यात छेदात नुसते १०० होते. खऱ्या सुटीत छेद १०० अधिक दर गुणिले मुदत असतो. अंश दोन्हीकडे तोच. परीक्षेत पाठांतर फसतं ते नेमकं या छेदाशी. मला विचाराल तर १२४ आणि १०० ची जोडी मांडून सुरुवात करा. सूत्र आठवावंच लागत नाही आणि छेद चुकायला जागाच उरत नाही.

दर महिन्याचा दिला असेल, जसं दरमहा शेकडा दोन, तर आधी तो वर्षाचा करा किंवा मुदत महिन्यांत घ्या. दर वर्षाचा आणि मुदत महिन्यांत, अशी सरमिसळ झाली की १२४ च्या जागी भलताच आकडा येतो. इथे एवढंच लक्षात ठेवायचं.

आता तुमच्या चुकीकडे परत येतो, कारण ती फार कामाची आहे. तुम्ही काढलेली सूट २,९७६, खरी सूट २,४००. फरक ५७६. हा ५७६ आला कुठून? २,४०० चे २४ टक्के काढा. बरोबर ५७६. म्हणजे तुम्ही जी जास्तीची रक्कम कापलीत ती खऱ्या सुटीवरचं तीन वर्षांचं व्याज आहे. हे असंच व्हायला हवं होतं. १२,४०० मध्ये १०,००० मुद्दल आहे आणि २,४०० व्याज. तुम्ही दोन्हींवर २४ टक्के लावलेत. मुद्दलावरचे २,४०० योग्यच होते. त्यांच्या जोडीला व्याजावरचे ५७६ आले. मघाशी घेणेकऱ्याला तीन वर्षांनी ७१४.२४ कमी पडत होते ना? तेही याच ५७६ चं पिल्लू आहे: आजचे ५७६ तीन वर्षांनी २४ टक्क्यांनी वाढून ७१४.२४ होतात.

तुम्ही केलेल्या हिशोबाला नावही आहे, आणि व्यवहारात तो चालतोसुद्धा. हुंडी किंवा बिल मुदतीआधी वटवताना बँक दर्शनी रकमेवरच व्याज धरून ते आधी कापून घेते. त्याला बँकेची सूट किंवा बँक वटाव म्हणतात. बँक वटाव आणि खरी सूट यांतला फरक, म्हणजे आपले ५७६, हा बँकेचा नफा म्हणून गणितात येतो. तेव्हा तुमचं उत्तर निराधार नव्हतं. तुम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंत. प्रश्नात 'आजची किंमत', 'वर्तमान मूल्य' किंवा 'खरी सूट' हे शब्द असतील तर छेदात १२४. 'बँकेने वटवली', 'बँक वटाव' असं असेल तर १००. प्रश्न वाचताना पेन्सिलीने हा शब्द अधोरेखित करा आणि मगच आकड्यांना हात लावा.

मग बँकेची पद्धत इतकी वर्षं टिकली कशी? कारण बिलांची मुदत बहुधा काही महिन्यांची असते, आणि तेवढ्यात फरक किरकोळ राहतो. हेच १२,४०० तीन महिन्यांनी मिळायचे असते, तर दर्शनी रकमेवरचं व्याज २ टक्क्यांनी २४८ रुपये. खरी सूट १०२ मागे २ या हिशोबाने २४३.१४. फरक पाच रुपयांच्याही आत. हिशोब सोपा पडतो म्हणून व्यापारी तो सोसतात. पण मुदत वर्षांत गेली की तोच फरक ५७६ होतो. तुमच्या प्रश्नात तीन वर्षं आहेत, म्हणून इथे हयगय चालत नाही.

मुदत ताणत नेली तर ती पद्धत कुठे कोसळते ते बघण्यासारखं आहे. दर ८, मुदत साडेबारा वर्षं. आठ साडेबारे शंभर. दर्शनी रकमेचे १०० टक्के कापले तर हातात शून्य उरतं! साडेबारा वर्षांनी १२,४०० मिळणार असलेल्या माणसाला आज एक पैसाही मिळू नये, हे कोणाच्याही मनाला पटणार नाही. आणि वीस वर्षं मुदत असेल तर १६० टक्के कापायचे, म्हणजे त्यानेच वर पैसे द्यायचे. खऱ्या सुटीत असं कधीच होत नाही. साडेबारा वर्षांत १०० चे २०० होतात, म्हणून आजची किंमत बरोबर अर्धी, ६,२००. मुदत कितीही वाढवा, आजची किंमत लहान लहान होत जाते, पण शून्य होत नाही. वर्गात कोणी हट्टाने म्हणालं की दोन्ही पद्धती सारख्याच, तर मी त्याला हेच साडेबारा वर्षांचं उदाहरण करायला देतो. दुसरा युक्तिवाद लागत नाही.

ह्याच गोष्टीकडे दराच्या बाजूनेही बघता येतं. समजा तुम्ही आज ९,४२४ घेतलेत आणि तीन वर्षांनी १२,४०० परत केलेत. व्याज दिलंत २,९७६, आणि ते ९,४२४ वर. वर्षाचा दर काढा: २,९७६ × १०० ÷ (९,४२४ × ३). उत्तर येतं १०.५३ च्या आसपास. कागदावर ८ लिहिलं होतं, प्रत्यक्षात साडेदहा पडले. पैसे आधी कापून देणाऱ्याशी व्यवहार करताना हा हिशोब करून बघावा. सांगितलेला दर आणि पडलेला दर यांतलं अंतर तिथेच कळतं.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. मी एका ठिकाणी हिशोब लिहायला होतो. एका देण्याची मुदत दोन वर्षांनी संपायची होती, रक्कम ५,६००, दर द.सा.द.शे. ६. मालकांनी ते आजच मिटवायचं ठरवलं. मी ५,६०० चे १२ टक्के, म्हणजे ६७२ कापले आणि ४,९२८ चा आकडा काढून दिला. घेणेकरी वयस्कर गृहस्थ होते, शाळा फारशी झालेली नव्हती. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: ४,९२८, त्याचं दोन वर्षांचं व्याज ५९१.३६, बेरीज ५,५१९.३६. मग कागद माझ्यापुढे सरकवून शांतपणे म्हणाले, "बाळ, माझे ८० रुपये ६४ पैसे कुठं गेले?" मला उत्तर देता आलं नाही. बरोबर आकडा ५,००० होता. त्यांना सूत्र येत नव्हतं, पण पुढे नेऊन बघणं येत होतं. तेव्हापासून आजची किंमत काढली की मी ती मुदतीपर्यंत पुढे नेल्याशिवाय कागद कोणाच्या हातात देत नाही.

आता या नात्यातून निघणाऱ्या उलट्या गणितांबद्दल. तुमच्या पुस्तकात पुढे असा प्रश्न असणारच: एका रकमेवरचं ठरावीक मुदतीचं सरळव्याज २,९७६ आणि तेवढ्याच मुदतीची, त्याच दराने खरी सूट २,४००, तर रक्कम किती? मुदतही नाही, दरही नाही, आणि मुलं हबकतात. आपल्याला मात्र आता माहीत आहे की दोहोंतला फरक म्हणजे सुटीवरचं व्याज. ५७६ हे २,४०० वरचं व्याज आहे, म्हणून संपूर्ण मुदतीचं व्याज शेकडा २४. मग २,९७६ हे ज्या रकमेचे २४ टक्के, ती रक्कम १२,४००. यासाठी वेगळं सूत्र पाठ करतात, व्याज गुणिले सूट भागिले फरक. ते बरोबर आहे, पण पाठ करणाऱ्याला वरची वाट ठाऊक नसेल तर प्रश्नात एक शब्द बदलला की तो अडतो.

दर विचारला असेल तेव्हा पुन्हा तोच खड्डा असतो. ३ वर्षांनी मिळणाऱ्या १२,४०० ची आजची किंमत १०,०००, तर दर किती? अनेक जण २,४०० ला १२,४०० ने भागतात, मग तीनने, आणि ६.४५ असं काहीतरी बेढब उत्तर आणतात. व्याज मुद्दलावर, म्हणून भागायचं १०,००० ने: २४ टक्के, वर्षाला ८.

नफा-तोट्यात मिसळून हा प्रश्न आला तर जास्त जण घसरतात. एकाने वस्तू ९,६०० रोख देऊन घेतली आणि लगेच तीन वर्षांच्या उधारीवर १२,४०० ला विकली, दर द.सा.द.शे. ८. नफा किती? घाईने २,८०० म्हणाल. पण ९,६०० आजचे आहेत आणि १२,४०० तीन वर्षांनंतरचे. वेगवेगळ्या तारखांचे रुपये एकमेकांतून वजा करता येत नाहीत. आधी १२,४०० आजच्या तारखेला आणा: १०,०००. नफा ४००, म्हणजे शेकडा चारच्या थोडा वर. उरलेले २,४०० हे विक्रीतून आलेले नाहीत, ते तीन वर्षं थांबण्याचं व्याज आहे. ही वस्तू त्याने १०,२०० ला घेतली असती, तर वहीत २,२०० नफा दिसला असता आणि प्रत्यक्षात २०० चा तोटा झाला असता.

आणखी एक समज काढून टाकायला हवा: मुदत दुप्पट म्हणजे सूट दुप्पट. सरळव्याज मुदतीबरोबर सारख्या टप्प्यांनी वाढतं, म्हणून सूटही तशीच वाढेल असं वाटतं. करून बघा. १२,४०० वर एका वर्षाची खरी सूट ९१८.५२, दोन वर्षांची १,७१०.३४, तीन वर्षांची २,४००. पहिल्या वर्षाने ९१८ कापले, दुसऱ्याने ७९२, तिसऱ्याने ६९०. सहा वर्षांची सूट ४,८०० होत नाही, ४,०२१.६२ होते. कारण मुदत वाढली की ज्या मुद्दलावर व्याज चालायचं ते मुद्दलच लहान होतं. तेव्हा तीन वर्षांच्या सुटीवरून सहा वर्षांची सूट काढायची असेल तर आधी त्यातून दर काढा आणि नव्या मुदतीची जोडी पुन्हा मांडा. नुसतं दोनाने गुणू नका. रक्कम दुप्पट झाली तर मात्र सूट बिनधास्त दुप्पट करा, तिथे प्रमाण सरळ आहे.

याच कारणाने देणं टप्प्यांत असेल तर प्रत्येक टप्प्याची आजची किंमत स्वतंत्र काढून मग बेरीज करायची. एका वर्षाने २,१६० आणि तीन वर्षांनी १२,४०० असं देणं असेल, तर पहिल्याचे १०८ मागे १०० धरून २,०००, दुसऱ्याचे १०,०००, एकूण १२,०००. दोन्ही रकमा एकत्र करून मधली दोन वर्षं धरली तर १४,५६० ची किंमत १२,५५१.७२ येते, आणि ती चूक आहे. मोठी रक्कम उशिराची आहे हेच तिच्यात हरवतं.

आता शेवटचा मुद्दा. तो शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो, पण प्रत्यक्ष हिशोबात भांडण यावरून होतं. सरळव्याजाच्या सुटीचे तुकडे पाडता येत नाहीत. तीन वर्षांची सूट एकाच उडीत काढली की १०,००० येतात. एखादा म्हणेल, आधी एक वर्ष मागे येऊ, मग दोन. १२,४०० ची एक वर्ष आधीची किंमत १०८ मागे १०० प्रमाणे ११,४८१.४८. ती आणखी दोन वर्षं मागे आणली, ११६ मागे १०० प्रमाणे, तर ९,८९७.८३. दर तोच, मुदत तीच, आणि १०२.१७ रुपयांचा फरक!

दोन्ही गुणाकार-भागाकार बरोबर आहेत. फरक पडतो तो असा: दोन तुकडे करणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ११,४८१.४८ ही पूर्ण रक्कम नवीन मुद्दल मानली. त्यात दोन वर्षांचं १,५८३.६५ व्याज होतं, आणि त्यावर तिसऱ्या वर्षी ८ टक्के, म्हणजे १२६.६९ जास्तीचे चढले. व्याजावर व्याज आलं की ते सरळव्याज राहिलं नाही. त्या १२६.६९ ची तीन वर्षं आधीची किंमत काढा, १२४ मागे १००: बरोबर १०२.१७. वर्षावर्षाचे तीन तुकडे केलेत तर ९,८४३.५२ पर्यंत खाली याल, आणि ते तर सरळ चक्रवाढीचं वर्तमान मूल्य आहे. म्हणून सरळव्याजाचं गणित असेल तर मुदतीच्या तारखेपासून हव्या त्या तारखेपर्यंत एकदाच उडी मारायची, मध्ये कुठेही थांबायचं नाही.

पण कधी कधी मध्ये थांबावंच लागतं. समजा तीन वर्षांचं हे देणं आज न फेडता एका वर्षानंतर फेडायचं ठरलं. तेव्हा किती द्यायचे? एक जण पुढून मागे येतो: अजून दोन वर्षं बाकी आहेत, १२,४०० ला ११६ मागे १००, उत्तर १०,६८९.६६. दुसरा मागून पुढे जातो: मुद्दल १०,०००, एका वर्षाचं व्याज ८००, उत्तर १०,८००. दोघांनीही द.सा.द.शे. ८ सरळव्याजच लावलं, तरी ११०.३४ चं अंतर पडलं. माझ्यासमोर अशी दोन माणसं आली की मी आकड्यांआधी कागद मागतो. कागदावर '१०,००० रुपये कर्जाऊ घेतले, व्याज द.सा.द.शे. ८' असं लिहिलेलं असेल, तर मुद्दल ठरलेलं आहे, व्याज त्यावरच चढत जातं, आणि मुदतीआधी फेड मान्य असेल तर १०,८०० द्यायचे. कागदावर फक्त 'अमुक तारखेला १२,४०० देईन' एवढंच असेल, मुद्दलाचा उल्लेख नसेल, आणि दर दोघांनी आज ठरवला असेल, तर १०,६८९.६६. गणितातही हेच बघा: प्रश्नात मुद्दल दिलं आहे की फक्त मुदतीची रक्कम? तुमच्या प्रश्नात फक्त मुदतीची रक्कम दिली होती आणि आजची तारीख विचारली होती, म्हणून १२४ मागे १००, एक उडी, १०,०००.